गाईडना मुदतवाढीचा मेल: आधी हिशोब, मग विनंती

माझ्या पीएच.डी. प्रबंधाच्या प्रकरण चारचा कच्चा मसुदा ३० नोव्हेंबरपर्यंत माझ्या गाईड मॅडमकडे द्यायचा होता. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात स्पष्ट दिसलं की तो होणार नाही. त्यानंतर मुदतवाढ मागण्यापासून ती मिळून पाळली जाईपर्यंत काय काय झालं, ते क्रमाने लिहून ठेवते. मराठवाड्यातल्या बऱ्याच संशोधक विद्यार्थ्यांकडे नोकरी, तासिका तत्त्वावरचे तास आणि गावोगावचं फील्डवर्क एकाच वेळी चालू असतं. असा मेल लिहायची वेळ त्यांच्यावर कधी ना कधी येतेच.

कामाचं स्वरूप आधी सांगते, कारण मेलमधलं प्रत्येक वाक्य त्यातून निघालं. विषय आहे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळेचा. गावं धारूर, वडवणी आणि केज तालुक्यांतली. मंजूर आराखड्यात ४० कुटुंबांच्या मुलाखती आहेत. दिवाळीपर्यंत ३२ झाल्या, ८ राहिल्या. बत्तीसपैकी २० मुलाखती ट्रान्सक्राइब होऊन, म्हणजे ऐकून लिहून काढून, त्यांचं कोडिंगही, म्हणजे बोलण्याची मुद्द्यांनुसार विभागणी, पूर्ण झालं होतं. बाकी १२ नुसत्या रेकॉर्डिंगच्या रूपात मोबाईलमध्ये पडून होत्या.

पहिलं काम म्हणजे आपण नेमकी कोणती तारीख पुढे ढकलायला निघालोय आणि ती कोणाच्या हातात आहे, हे ओळखणं. पीएच.डी.मध्ये तीन वेगळ्या मुदती एकाच वेळी चालतात. एक गाईडनी दिलेली, प्रकरणाच्या मसुद्याची; ती गाईडच बदलू शकतात आणि त्यासाठी एक मेल पुरतो. दुसरी संशोधन सल्लागार समितीची, म्हणजे आरएसीची. दर सत्रात तिच्यापुढे प्रगती मांडावी लागते, आणि ती बैठक एकट्या गाईडच्या शब्दावर हलत नाही. तिसरी विद्यापीठाची. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे प्रवेशाच्या तारखेपासून कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं मिळतात. पुनर्नोंदणीने आणखी २ वर्षांपर्यंत मुभा मिळू शकते. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २ वर्षांची सवलत आहे. तिसऱ्या प्रकारची वाढ हवी असेल तर गाईडना मेल करून भागत नाही. संशोधन केंद्रामार्फत रीतसर अर्ज करावा लागतो आणि विद्यापीठाच्या परिपत्रकात असेल ते शुल्क भरावं लागतं. प्रसूती किंवा बालसंगोपनाची रजा (पूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत) हाही वेगळा अर्ज आहे, तो मुदतवाढीच्या मेलमध्ये मिसळू नये.

हे आधी तपासायचं कारण साधं आहे. गाईड प्रेमाने ‘चालेल, सावकाश दे’ म्हणतात आणि विद्यार्थ्याला वाटतं आपली मुदत वाढली. सहा वर्षांचं घड्याळ मात्र त्या शब्दाने थांबत नाही. माझ्या बाबतीत आरएसीची बैठक २० जानेवारीला होती आणि ती हलवायची गरज नव्हती. म्हणजे प्रश्न फक्त मॅडमच्या तारखेचा होता आणि खर्च शून्य.

दुसरं काम नवी तारीख काढण्याचं. इथे मला एक संध्याकाळ लागली आणि ती लावल्याशिवाय मेल लिहूच नये असं मला वाटतं. मनात पहिल्यांदा आलं होतं, १५ दिवस मागावेत. पंधरा दिवस म्हणायला बरे वाटतात, मागताना संकोचही कमी होतो. पण तो आकडा संकोचातून आला होता, कामातून नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा तोंड दाखवायची वेळ आली की पहिल्या विनंतीचंही वजन जातं.

हिशोब असा केला. रेकॉर्डिंग सरासरी ४० मिनिटांचं. एका मुलाखतीच्या ट्रान्सक्रिप्शनला मी २ तास धरले होते, प्रत्यक्षात ४ लागत होते. अंगणात बसून घेतलेल्या मुलाखतीत आई बोलते, मधेच आजी बोलते, वारा मायकात शिरतो. ‘उचल’ म्हणजे आगाऊ रक्कम किती घेतली, ‘कोयता’ म्हणजे तोडणीची जोडी कुणाबरोबर लावली, असं बोलणं चालू असताना एकेक वाक्य तीन-तीनदा ऐकावं लागतं. त्यावर कोडिंगचे २ तास. म्हणजे एका मुलाखतीला ६, आणि १२ मुलाखतींना ७२ तास. कॉलेजचे तास आणि प्रवास वजा जाता दिवसाला ३ तास हातात राहत होते, आठवड्याचे सहा दिवस धरले तर १८. म्हणजे चार आठवडे. १४ नोव्हेंबरपासून मोजलं तर साधारण १३ डिसेंबर येतो. पुढे लेखनाला १२ दिवस, म्हणजे २५ डिसेंबर. तक्ते आणि संदर्भ तपासायला सहा दिवस. तारीख निघाली ३१ डिसेंबर.

या हिशोबात घरातल्या लग्नाचा, आजारपणाचा दिवस धरलेला नाही. शेवटचे सहा दिवस हीच राखीव जागा. काही अडलंच तर ती वापरायची आणि तपासणी तीन दिवसांत उरकायची. जो हिशोब एक दिवसही घसरला तर कोसळतो, त्यावरून तारीख मागू नये.

मग प्रश्न उरलेल्या ८ कुटुंबांचा, आणि तो खरा गुंतागुंतीचा होता. गाळप हंगाम सुरू होताना मुकादम टोळ्या घेऊन निघतात आणि माणसं पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. राहिलेली ८ कुटुंबं दिवाळीनंतर निघून गेली होती. ती ३१ डिसेंबरपर्यंत भेटणं शक्यच नव्हतं. म्हणजे उरलेल्या कामात दोन वेगळ्या गोष्टी होत्या: बारा मुलाखतींचं काम, जे वेळ दिला की होतं, आणि आठ मुलाखती, ज्या कितीही जागलं तरी एप्रिलआधी होत नाहीत. दोन्ही एकाच विनंतीत कोंबल्या असत्या तर मॅडमना ‘हो’ही म्हणता आलं नसतं आणि ‘नाही’ही. म्हणून मुदतवाढ फक्त बाराची मागायची, आठांचा उल्लेख दोन ओळींत करायचा आणि त्यावर वेगळा मेल लिहायचा, असं ठरवलं.

आता कारण कोणतं लिहायचं. त्या महिन्यांत बरंच काही घडलेलं असतं. रात्री लाईट जाते, परीक्षेची ड्यूटी लागते, घरी पाहुणे असतात, तब्येत बिघडते. सगळं खरं असतं. मी एकच कसोटी लावली: या कारणातून नवी तारीख निघते का? ट्रान्सक्रिप्शनला दुप्पट वेळ लागतो, या कारणातून ७२ तास निघतात आणि ७२ तासांतून ३१ डिसेंबर निघतो. लाईट गेल्यातून कोणतीच तारीख निघत नाही. ते लिहिलं की वाचणाऱ्याला सहानुभूती वाटेल, पण पुढे काय ते कळणार नाही. खोटेपणा नसलेली सबबसुद्धा सबबच असते. खरंच आजारपणामुळे काम थांबलं असेल तर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत थांबलं, एवढं एका ओळीत सांगावं. रिपोर्ट जोडायची, औषधांची नावं लिहायची गरज नाही, गाईडनी मागितलं तर द्यावं.

१४ नोव्हेंबरला, म्हणजे मुदतीच्या सोळा दिवस आधी, मेल गेला. मुदतीच्या आदल्या रात्री गेलेला मेल विनंती राहत नाही, फक्त कळवणं होतं, कारण तोपर्यंत गाईडच्या हातात दुसरा पर्याय उरलेला नसतो. मजकूर जसा गेला तसा देते.

विषय: प्रकरण ४ चा मसुदा – ३० नोव्हेंबरऐवजी ३१ डिसेंबरपर्यंत मुदत मिळण्याबाबत विनंती

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

प्रकरण ४ चा मसुदा मी ३० नोव्हेंबरपर्यंत देऊ शकणार नाही. त्यासाठी ३१ डिसेंबरपर्यंत मुदत मिळावी, ही विनंती.

आजची स्थिती अशी आहे. ४० पैकी ३२ कुटुंबांच्या मुलाखती झाल्या आहेत. त्यांपैकी २० मुलाखतींचं ट्रान्सक्रिप्शन आणि कोडिंग पूर्ण आहे, १२ चं दोन्ही बाकी आहे. प्रकरणाचं लेखन अजून सुरू केलेलं नाही.

एका मुलाखतीच्या ट्रान्सक्रिप्शनला मी २ तास धरले होते, प्रत्यक्षात ४ लागत आहेत. उरलेल्या कामाला साधारण ७२ तास लागतील. मला आठवड्याला १८ तास देता येतात.

त्यानुसार १३ डिसेंबरपर्यंत ट्रान्सक्रिप्शन व कोडिंग, २५ डिसेंबरपर्यंत मसुदा आणि ३१ डिसेंबरपर्यंत तक्ते व संदर्भ तपासून आपल्याकडे पाठवते. मधल्या काळात, ५ डिसेंबरला, पहिल्या २० मुलाखतींतून पुढे आलेले मुद्दे पाठवते.

२० जानेवारीच्या आरएसी बैठकीत यामुळे बदल करावा लागणार नाही. मात्र आपल्याला वाचायला सात आठवड्यांऐवजी तीनच आठवडे मिळतील, याची मला जाणीव आहे. ते आपल्याला गैरसोयीचं होत असेल, तर फक्त २० मुलाखतींवर आधारलेला अर्धा मसुदा १५ डिसेंबरला देता येईल. आपण सांगाल तसं करते.

उरलेली ८ कुटुंबं हंगामासाठी कारखान्यांवर गेली आहेत. ती वरच्या वेळापत्रकात धरलेली नाहीत. त्याबद्दल स्वतंत्र मेल करते.

आपली विद्यार्थिनी,
(नाव, नोंदणी क्रमांक, संशोधन केंद्र)

यातल्या काही जागांवर बराच विचार केला. विषयाच्या ओळीत जुनी आणि नवी दोन्ही तारखा आहेत, कारण मॅडम मेल मोबाईलवर पाहतात. मेल उघडला नाही तरी मागणी काय आहे ते कळतं, आणि पुढे शोधायचा झाला तरी सापडतो. पहिलंच वाक्य ‘देऊ शकणार नाही’ असं आहे. आधी चार ओळी प्रस्तावना आणि मग विनंती, अशी आपली पत्रलेखनाची सवय असते. पण त्या चार ओळी वाचताना समोरच्याला फक्त वाईट बातमीची चाहूल लागते.

सगळ्यात जड गेलं ते ‘लेखन अजून सुरू केलेलं नाही’ हे वाक्य. तिथे ‘लेखन प्रगतीपथावर आहे’ असं लिहायचा मोह होतो. ते लिहिलं असतं आणि मॅडमनी ‘जेवढं झालंय तेवढं पाठव’ म्हटलं असतं, तर? गाईड हमखास तेच म्हणतात. कामाची स्थिती अशी लिहावी की मागितलं तर त्याच दिवशी फाईल पाठवता आली पाहिजे.

तीन आठवड्यांचं वाक्यही मुद्दाम घातलं. आपण मुदत वाढवून घेतो तेव्हा ते दिवस कुठून तरी कापले जातात, आणि बहुतेक वेळा ते गाईडच्या वाचनाच्या वेळातून जातात. ते आपल्याला दिसतंय असं सांगण्यातला आदर ‘कृपया समजून घ्यावे’पेक्षा जास्त असतो. माफी एकदाच मागावी किंवा मागू नये, पण दर परिच्छेदात ‘क्षमस्व’ लिहिलं की गाईडना आपल्यालाच धीर द्यावा लागतो.

तांत्रिक बाब एकच सांगते. आपल्याकडे प्रबंधाचं टायपिंग अजून बऱ्याच ठिकाणी श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये चालतं. त्या फाईलमधून उचललेला मजकूर मेलमध्ये चिकटवला तर समोर निरर्थक अक्षरं उमटतात. मेल युनिकोडमध्येच टाईप करावा, आणि आधी स्वतःला पाठवून मोबाईलवर उघडून पाहावा. कोडिंगचा तक्ता जोडताना त्यात कुटुंबांची नावं राहिलेली नाहीत ना, हे तपासावं. माझ्या तक्त्यात फक्त ‘कु-०१’, ‘कु-०२’ असे क्रमांक आहेत. सीसीमध्ये विभागप्रमुख किंवा आरएसी सदस्य कोणालाही ठेवलं नाही. गाईडनी होकार देण्याआधी तिसऱ्याला सांगणं म्हणजे त्यांच्यावर दबाव आणणं.

मेल गेल्यावर व्हॉट्सॲपवर एक ओळ टाकली: ‘मॅडम, प्रकरण चारच्या मुदतीबाबत मेल केला आहे, सवडीने पाहावा.’ कारणं तिथे पुन्हा लिहिली नाहीत. निळी टिक आली, उत्तर नाही आलं. हे दिवस अवघड जातात, दर तासाला मेल उघडून पाहिला जातो. पण उत्तर न येणं म्हणजे होकार नव्हे, हे मनाला बजावत ३० नोव्हेंबर हीच मुदत धरून काम चालू ठेवलं. १८ तारखेला त्याच मेलला रिप्लाय करून दोन ओळी लिहिल्या: ‘मॅडम, वरील विनंतीबाबत आपला निर्णय कळावा. तोपर्यंत बाविसाव्या मुलाखतीपर्यंत काम पूर्ण झालं आहे.’ नवा मेल काढला असता तर आधीचा संदर्भ तुटला असता.

त्याच दिवशी उत्तर आलं. ३१ डिसेंबर मान्य, अर्धा मसुदा नको. पण ५ डिसेंबरला मुद्द्यांची पानं नकोत, एक तक्ता हवा: डावीकडे मुद्दा, मधे तो किती कुटुंबांत आला त्याची संख्या, उजवीकडे एका मुलाखतीतलं एकच अवतरण. ही सूचना फार उपयोगी ठरली. तक्ता भरताना दिसलं की ‘आजी-आजोबांकडे ठेवलेली मुलं’ आणि ‘हंगामी वसतिगृहात राहिलेली मुलं’ हे मी एकाच कोडखाली घातलं होतं, आणि त्यांच्या शाळेतल्या हजेरीची गोष्ट अगदी वेगळी निघत होती. डिसेंबरअखेर हे कळलं असतं तर सगळं प्रकरण उलटंपालटं करावं लागलं असतं.

होकार आल्यावर एका ओळीत पोच दिली आणि तीत तारीख पुन्हा लिहिली: ‘धन्यवाद मॅडम. ५ डिसेंबरला तक्ता, ३१ डिसेंबरला मसुदा.’ ज्यांच्याकडे सात-आठ विद्यार्थी असतात त्यांना कोणाची कोणती तारीख ठरली हे लक्षात राहत नाही. ही ओळ दोघांच्याही कामी येते. गाईडनी होकार फोनवर दिला असेल तर ही पोच अधिकच गरजेची.

आठ कुटुंबांचा मेल २० नोव्हेंबरला केला. त्यात विनंती नव्हती, प्रश्न होता. पर्याय तीन होते. ३२ वर थांबायचं. किंवा गावात आत्ता उपलब्ध असलेली दुसरी ८ कुटुंबं घ्यायची. किंवा एप्रिलपर्यंत वाट पाहायची. दुसरा पर्याय वरवर सगळ्यात सोयीचा वाटतो, आणि घोटाळा तिथेच आहे. नोव्हेंबरात गावात सापडणारं कुटुंब म्हणजे त्या वर्षी ऊसतोडीला न गेलेलं कुटुंब. अशी आठ घरं घेतली की स्थलांतर करणाऱ्यांच्या अभ्यासात स्थलांतर न केलेली घरं मिसळतात. संख्या ४० भरते आणि निष्कर्ष बिघडतात. मेलमध्ये हे लिहून मी तिसऱ्या पर्यायाच्या बाजूने कौल दिला. नमुन्याची संख्या मंजूर आराखड्यात असल्याने ३२ वर थांबायचं झालं तर तो बदल आरएसीपुढे ठेवावा लागेल, हेही नमूद केलं. मॅडमनी एप्रिल मान्य केला आणि हा मुद्दा जानेवारीच्या बैठकीत मांडायला सांगितलं.

५ डिसेंबरला तक्ता गेला. मसुदा ३१ डिसेंबरला दुपारी गेला, सोबत चार ओळी होत्या: काय जोडलंय, कोणता तक्ता अपुरा आहे, कोणत्या दोन पानांवर मॅडमचं मत आधी हवंय. वाचनाचे आठवडे आपणच कमी केलेले असताना, कुठून वाचायला सुरुवात करावी हे सांगणं आपलंच काम आहे.

सहामाही प्रगती अहवालात एक काळजी घ्यावी लागते. अहवाल जानेवारीत लिहिला जातो, त्यामुळे ‘प्रकरण ४ पूर्ण’ असं लिहायला हात शिवशिवतो. अहवाल आणि मेल यांत तफावत दिसली की समितीत गाईडनाच उत्तर द्यावं लागतं. मी ‘प्रकरण ४: पहिला मसुदा ३१ डिसेंबर रोजी सादर, ३२ कुटुंबांवर आधारित, ८ मुलाखती एप्रिलमध्ये नियोजित’ असं लिहिलं. फेलोशिप असणाऱ्यांनी हीच वाक्यं तिकडच्या प्रगती अहवालातही तशीच ठेवावीत, कारण दोन्हींवर सही त्याच गाईडची असते.

२० जानेवारीच्या बैठकीत सदस्यांनी आठ कुटुंबांबद्दल विचारलं. नोव्हेंबरचा मेल समोर असल्याने उत्तराला दोन मिनिटं पुरली. एप्रिलपर्यंतची मुभा इतिवृत्तात नोंदली गेली. त्या इतिवृत्ताची प्रत केंद्राच्या कार्यालयातून मागून घ्यावी आणि फाईलला लावावी. आठही घरांतल्या शाळकरी मुलांच्या आजी-आजोबांचे फोन नंबर माझ्याकडे आहेत. टोळी परतली की ते कळवणार आहेत. त्या मुलाखतींच्या ट्रान्सक्रिप्शनला या वेळी प्रत्येकी चार तास धरलेत.